कॅरोसेल तोडायचं ते वाक्यावर की मुद्द्यावर?

प्रश्न: इन्स्टाग्रामसाठी सहा स्लाईडचं कॅरोसेल केलंय. प्रत्येक स्लाईडवर तीन-चार मुद्दे झालेत, सगळं कोंबल्यासारखं दिसतंय. तोडायचं कसं? प्रत्येक वाक्याची वेगळी स्लाईड करू का?

उत्तर:

वाक्यावर तोडू नका. वाचणाऱ्याची वेळ बदलते तिथे तोडा. म्हणजे काय, ते एका स्लाईडवरच दाखवते.

मी कोल्हापुरात दुकानांच्या पोस्ट बनवते. गेल्या पावसाळ्याआधी चप्पल लाईनमधल्या एका दुकानासाठी कॅरोसेल करत होते. कच्च्या मसुद्यातली तिसरी स्लाईड अशी होती:

«कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते पाणी पितं, त्यामुळे ती पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको. वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात द्या. नवी चप्पल चावत असेल तरीही तेल लावा. तसंच तिला २०१९ साली जीआय मानांकन मिळालंय.»

दुकानाचे मालक काका वाचून म्हणाले, “सगळं खरं हाय, पण गिऱ्हाईकानं ह्यातलं आत्ता काय करायचं?” मी तोच प्रश्न धरून तुकडे पाडले. हे कोण वाचेल, कधी वाचेल आणि वाचून काय करेल, एवढंच प्रत्येक तुकड्याला विचारायचं.

पहिला तुकडा घराबाहेर पडताना आभाळाकडे बघणाऱ्या माणसाचा. बाभळीची साल आणि हिरडा त्याच्यासोबतच राहतो, कारण का घालायची नाही याचं ते उत्तर आहे. इथेच बहुतेकांची चूक होते: कारण एका स्लाईडवर जातं, सल्ला दुसरीवर, आणि दोन्ही लुळे पडतात. “उन्हात नको” हेही “सावलीत वाळवा”चीच दुसरी बाजू, म्हणून तेही सुटं केलं नाही. भिजून घरी आलेल्याची वेळ वेगळी, दुसऱ्या दिवशी वाळलेली चप्पल हातात घेतलेल्याची वेगळी. तेल दोनदा आलंय म्हणून मी आधी ते एकत्र करणार होते. पण चावणारी चप्पल नव्या गिऱ्हाइकाची, आणि त्यानं तेल लावायचं ते चपलेच्या अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून, जिथे कातडी घासते तिथे. म्हणून त्याची स्लाईड वेगळी.

जीआय मानांकन वाचून चप्पल सांभाळणाऱ्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. ते या कॅरोसेलमधून काढलं आणि अस्सल माल ओळखण्याच्या पोस्टसाठी ठेवलं. तोडताना काही मुद्दे बाहेर जाणारच, त्यांना जबरदस्तीने स्लाईड देऊ नका.

एका स्लाईडच्या अशा चार झाल्या. त्यातली दुसरी ही:

«भिजलेली कोल्हापुरी सावलीत वाळवा.
कडक उन्हात चामडं आखडतं आणि तडकतं.»

वरची ओळ मोठी, खालची लहान. तिसरी ओळ लिहाविशी वाटली तर समजा, दुसरा मुद्दा दारात उभा आहे.

तोडून झाल्यावर एक बिघाड हमखास उरतो. सुट्या स्लाईडच्या सुरुवातीला “त्यामुळे”, “तसंच”, “ती”, “नंतर” असे शब्द लोंबकळत राहतात. मसुद्यात ते मागच्या वाक्याला धरून होते, आता मागे काही नाही. लोक एकच स्लाईड स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. शिवाय पहिली स्लाईड नुसती पाहून फीडमध्ये पुढे गेलेल्याला इन्स्टाग्राम कधीकधी तीच पोस्ट दुसऱ्या स्लाईडपासून दाखवतं. म्हणून “वाळल्यावर तेल लावा” न लिहिता “भिजलेली चप्पल पूर्ण वाळली की मगच तेल लावा” असं लिहिलं. शब्द वाढले, पण मुद्दा एकच राहिला आणि स्लाईड स्वतःच्या पायावर उभी राहिली.

मग फक्त मोठ्या ओळी एकाखाली एक कागदावर उतरवा आणि विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. दोन ओळी सारख्याच वाटल्या तर त्या स्लाईड जोडा. मध्येच “हे कुठून आलं?” असं विचारलं तर क्रम चुकलाय. आमच्याकडे चावणाऱ्या चपलेची स्लाईड भिजण्याच्या मधोमध आली होती. ती आधी, खरेदीनंतर लगेच नेली, कारण चप्पल आधी चावते आणि मग भिजते.

आमच्या कॅरोसेलच्याही सहाच्या अकरा झाल्या, त्यातून दोन गाळून नऊ ठेवल्या. इन्स्टाग्रामवर २० स्लाईडपर्यंत जाता येतं, पण ती मर्यादा आहे, भरायचा कोटा नव्हे.

एका ठिकाणी मात्र तोडू नका: तुलना. हाताने विणलेली वेणी आणि साच्यातली नक्कल वेगवेगळ्या स्लाईडवर टाकली तर बोटाने मागेपुढे करत बसावं लागतं आणि फरक डोळ्याला दिसतच नाही. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी, वर एकच ओळ. वस्तू दोन असल्या तरी मुद्दा एकच आहे.