सकाळचे दीड तास आदल्या संध्याकाळी ठरतात

प्रश्न: ऑफिसात दिवसभर मेसेज, मेल, 'एक मिनिट आहे का' चालूच असतं. सलग बसून डोक्याचं काम कसं करता? आणि घरी गेल्यावरही काम डोक्यातून जात नाही, त्याचं काय?

मी बीकेसीत एका विमा कंपनीत आहे. आकडे तपासायचे आणि त्यावर नोट लिहायची, हे माझं काम. राहते डोंबिवलीला. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते दोन्हींची गाठ संध्याकाळच्या वीस मिनिटांत आहे.

सुरुवातीला मी कॅलेंडरवर सलग तीन तास अडवले. चौथ्याच दिवशी साहेबांनी त्यात मीटिंग टाकली आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कारण त्या तीन तासांत मी तक्त्यांचे रंग बदलत बसत होते. कागदावर नुसतं 'दाव्यांची नोट' असं लिहिलं होतं. हात कुठे घालायचा ते ठरलेलंच नव्हतं.

आता फक्त ८:३० ते १०. कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा केली की वेळेत पोचते, मजला रिकामा असतो. त्याआधी मेल उघडायचा नाही, लोकलमध्येसुद्धा. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं होतं. माझ्यापुरतं सांगते: ८:२५ला वाचलेला एक तिखट मेल निदान ९ वाजेपर्यंत माझं डोकं खातो.

जुने मेल मात्र संदर्भाला लागतात. म्हणून आउटलुक बंद न करता `Send / Receive` मधलं `Work Offline` दाबते. जुनं सगळं दिसतं, नवीन काही येत नाही. फोन टेबलावर उलटा नाही, बॅगेत. शांत मोडवर, पण एकाच नंबरवरून लागोपाठ दुसरा फोन आला तर वाजेल असं सेटिंग आहे. घरी आणि साहेबांना तेवढंच सांगून ठेवलंय: घाईचं असेल तर लगेच पुन्हा लावा. आजवर क्वचितच कुणी लावलाय.

बाहेरच्यांपेक्षा मीच मला जास्त उठवते. गॅसचं बुकिंग, कुणाचा वाढदिवस, 'तो आकडा एकदा बघू या'. शेजारी एक पाठकोरा कागद ठेवते, आठवेल ते त्यावर टाकते आणि पुढे जाते.

आता संध्याकाळ. ६:१०ला गजर होतो. शेवटचा मेल बघायचा, त्या पाठकोऱ्या कागदावरचं एकेक निस्तरायचं आणि जे उरलं त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय, कधी, पहिलं पाऊल कोणतं. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११च्या प्रयोगांचा निष्कर्ष मला फार उपयोगी पडला: अपुरं काम मनात घोळू नये म्हणून ते पूर्णच करावं लागतं असं नाही, ते कसं करायचं याचा नेमका बेत ठरला तरी पुरतं. 'उद्या बघू' हा बेत नव्हे.

मागच्या महिन्यातलंच उदाहरण घ्या. एका आरोग्य योजनेचे दावे का वाढले, यावर नोट हवी होती. सोमवारी संध्याकाळी मी लिहिलं: 'तक्ता ३. मोतीबिंदूचे दावे बाजूला काढायचे, मग वाढ किती उरते ते बघायचं.' लिहिताना लक्षात आलं, शस्त्रक्रियांनुसार फोड केलेली फाइल माझ्याकडे आलेलीच नाही. तिथेच पुण्याच्या सहकाऱ्याला मेल टाकला, त्याने निघण्याआधी पाठवली. ती उतरवून तक्ता ३ उघडा ठेवला आणि लॅपटॉप मिटला. मंगळवारी ९:४०ला उत्तर हातात होतं: मोतीबिंदू वगळल्यावर वाढ जवळजवळ उरतच नव्हती. फाइल नाही हे सकाळी कळलं असतं तर ८:३५ला मेल उघडावा लागला असता, म्हणजे संपलंच.

एकच ओळ सलग तीन संध्याकाळी पुढे ढकलली गेली, तर दोष एकाग्रतेचा नसतो. काम फार मोठं घेतलेलं असतं, नाहीतर कुणाकडून तरी काहीतरी यायचं राहिलेलं असतं. मी तेव्हा काम फोडते किंवा फोन करते.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. माझा नवरा सपोर्टला आहे, रात्री अमेरिकेचे कॉल. त्याला लगेच उत्तर देण्याचाच पगार मिळतो, तिथे दीड तास गायब होणं शक्य नाही. तो ७ला एकदा आवरतो आणि कॉलनंतर पाच मिनिटं पुन्हा. माझंही महिनाअखेरीला आणि पावसात लोकल रखडली की मोडतं. मग त्या दिवशी नाहीच. दुपारी भरून काढायला गेले की रंग बदलणं सुरू होतं.

परतीच्या गाडीत तरीही काहीतरी आठवतंच. पूर्वी ते स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचे, पण ते उघडलं की ऑफिसचा ग्रुप समोर. आता पर्समध्ये छोटी वही आहे. ठाण्याला बसायला जागा मिळाली की लिहिते, नाहीतर डोंबिवलीच्या पुलावर.