ड्रॉपर बाटलीतील तेलाची पातळी

प्रश्न: म्हापशाच्या बाजारात ३० मिलीच्या तपकिरी बाटलीतून माक्याचे तेल विकते. गळ्यापर्यंत भरले तर पाझरते, कमी भरले तर गिऱ्हाईक शंका घेते. कुठवर भरू?

उत्तर: ड्रॉपर बसवल्यावर तेल बाटलीच्या खांद्याशी, म्हणजे मान सुरू होते तिथे थांबेल, इतके भरावे. काचेची नळी आत जागा घेते आणि उन्हात तेल फुगते, म्हणून काठोकाठ भरलेली बाटली झाकणापाशी पाझरून लेबल डागाळते. खोबरेलात केलेले ३० मिली तेल साधारण २७.५ ग्रॅम भरते. एक बाटली तशी तोलून भरावी, ड्रॉपर बसवून पातळीची खूण करावी आणि बाकीच्या तिच्याशी ताडून पाहाव्यात. पारदर्शक लेबलावरची काळी अक्षरे तपकिरी काचेत बुडतात, त्यामुळे पांढरे, अपारदर्शक प्लास्टिकचे लेबल घ्यावे, पण पातळी दिसावी म्हणून मागे बोटभर काच उघडी ठेवावी. मात्र काचेची जाडी लॉटनुसार बदलते; नव्या लॉटला खूण पुन्हा करावी लागेल.