मेल-फिमेल जॉब बसत नाही, उजेड दिसतो

"सर, मी खानापूरचा, फिटर ट्रेडच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिअरी वाचतोय, पण प्रॅक्टिकलला मेल-फिमेल जॉब बसतच नाही, कुठून ना कुठून उजेड दिसतो. महिन्यात परीक्षा आहे, काय करू?"

हे बघ, मेलची जीभ फिमेलच्या खाचेत बसवताना उजेड नेमका कुठून येतोय ते आधी बघ, कारण तोच सांगतो चूक कुठली आहे.

एकेका कडेवर ट्राय स्क्वेअर लावून खिडकीसमोर धर. दोन्ही टोकांना उजेड आणि मधे चिकटलंय म्हणजे मधला भाग उंच राहिलाय, तुझी फाईल हातात डुलतेय. बऱ्याचदा व्हाइसची उंचीच चुकलेली असते, जबडा कोपराच्या लेव्हलला पाहिजे, त्याहून उंच असेल तर पायाखाली फळी घे. आणि मग सगळी कड परत घासत बसू नको, फक्त मधेच छोटे स्ट्रोक मार.

तळाशी सगळीकडून सारखा उजेड येत असेल तर कोपरा बघ. फाईलनं आतला कोपरा कधीच एकदम धारदार निघत नाही, थोडी गोलाई राहते आणि मेलचा धारदार कोपरा तिच्यावरच अडकून बसतो, मग पोरं हातोडीनं ठोकतात, तसं अजिबात करू नको. ड्रॉइंगमध्ये दिलं असेल तर कोपऱ्यात 3 एमएमचं रिलीफ होल आधीच मार, आणि फाईलची बिनदात्यांची कड तयार झालेल्या बाजूला ठेव, नाहीतर ती बाजू खाल्ली जाते.

आता एक चूक हुशार पोरंसुद्धा करतात. समज प्लेट 50 ची आणि मधली जीभ 20 ची, म्हणजे समोरच्या कडेपासून जिभेची पहिली बाजू 35 वर येते. पण तुझी प्लेट 50.10 झाली असेल तर? तू 35 च धरलंस तर एका बाजूला 15 आणि दुसऱ्या बाजूला 15.10 राहतं, जॉब एकदा बसतो पण उलटा केला की कडा 0.10 नं सरकतात. म्हणून आधी प्लेट मोज, अर्धी कर, 25.05, त्यात 10 मिळव, 35.05 वर ये. व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02 असतो, तिथं 35.04 किंवा 35.06 वाचशील, मायक्रोमीटर मिळाला तर तोच वापर. मेल आधी पुरा कर, मग त्याला निळा रंग लावून फिमेलमध्ये हातानं दाब, जिथं निळं लागेल तेवढंच घास.

थिअरीसाठी वेगळं पाठांतर कशाला, हेच हिशोब विचारतात. लीस्ट काउंट म्हणजे मेन स्केलचा 1 भाग वजा व्हर्नियरचा 1 भाग, 1 वजा 49/50. एम10 टॅप, पिच 1.5, तर ड्रिल 8.5, म्हणजे 10 वजा 1.5. शब्द मात्र शॉपमध्ये बोलतात तेच लिही, मराठी प्रतिशब्द शोधत बसू नको.

रविवारी बेळगावच्या उद्यमबागेत कुणी ओळखीचा फिटर भेटला तर त्याच्या शेजारी उभा राहून फाईल मारताना त्याचे दोन्ही हात बघ, पुढच्या हाताचा जोर मागच्या हाताकडं कधी जातो ते.