तमिळ अर्जातले दोन न आणि दोन र
प्रश्न: मुलगी चेन्नईत तमिळ शिकते. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना सारख्या आवाजाची अक्षरं चुकतात. काय करावं?

उत्तर: ल-ळ आणि न-ण इथे आपला मराठी कान पुरेसा आहे. ‘पळ्ळि’ म्हणजे शाळा. त्यात ल लिहिला तर ‘पल्लि’, म्हणजे पाल! तिला मोठ्याने म्हणून लिहू द्या.

खरी अडचण दोन न आणि दोन र यांची, कारण ते बोलताना जवळपास सारखेच ऐकू येतात. इथे अक्षराची जागा बघायची. शब्दाच्या सुरुवातीला आणि त च्या आधी पहिला न (न) येतो, इतरत्र सहसा दुसरा (ऩ). ‘नाऩ्’, म्हणजे ‘मी’, यात दोन्ही आहेत. शेवटच्या ‘नऩ्ऱि’तही (आभार) तसंच, ऱ च्या आधी नेहमी ऩ.

र कधी द्वित्त होत नाही, ऱ होतो आणि तेव्हा ‘ट्र’सारखा ऐकू येतो. पालकांच्या सहीजवळचा ‘पॆऱ्ऱोर्’ (आईवडील) पाहा: मध्ये ऱ्ऱ, शेवटी साधा र्. ‘वेण्डुकिऱेऩ्’ (विनंती करते) मधला वर्तमानकाळाचा ‘किऱ’ही कायम ऱ चाच. ‘विडुमुऱै’ (सुट्टी) मात्र पाठच करावा लागतो, तिथे जागेवरून काही कळत नाही.