चौथी ट्यूब, फॅमिली डॉक्टर की थेट तज्ज्ञ?

प्रश्न: दोन महिन्यांपासून कंबरेवर आणि जांघेत खाजणारे गोल चट्टे आहेत. औषधाच्या दुकानातून विचारून मलम आणलं. चार दिवसांत खाज थांबते, मलम बंद केलं की आठवड्यात परत. तिसरी ट्यूब संपत आलीय. आता नवऱ्यालाही खाज सुटलीय. त्वचारोगतज्ज्ञांची फी आमच्या फॅमिली डॉक्टरच्या तिप्पट, तारीख तीन आठवड्यांनंतरची, आणि कुठेही गेलं तरी अर्ध्या दिवसाचा पगार जातो. चौथी ट्यूब घेऊ, फॅमिली डॉक्टरकडे जाऊ, की तज्ज्ञांसाठी थांबू?

उत्तर: निदान करणं माझं काम नाही, ते डॉक्टर करतील. पण पैशाच्या बाजूने पाहिलं तर चौथी ट्यूब हा तिन्हींतला सगळ्यात महाग पर्याय आहे.

आधी हातातल्या ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. वाचता आलं नाही तर फार्मासिस्टला सरळ विचारा, "यात स्टिरॉइड आहे का?" हा सल्ला फुकट मिळतो आणि त्यांच्याकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. गोल, कडेला उठावदार आणि खाजणारा चट्टा बऱ्याचदा नायट्याचा, म्हणजे बुरशीचा असतो. स्टिरॉइड त्या जागेची सूज आणि खाज दाबतं, बुरशी मारत नाही. उलट त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशीला पसरायला मोकळं रान मिळतं. चार दिवसांत आराम आणि बंद केल्यावर परत, हे चक्र त्यामुळेच संशयास्पद आहे. अशा मलमाने चट्ट्याची कडही पुसट होते, नेहमीचं गोल रूप राहत नाही, आणि मग डॉक्टरलाही नुसतं पाहून ओळखणं अवघड जातं. म्हणजे चुकीच्या मलमाचे पैसे तर जातातच, वर पुढच्या निदानाचा खर्चही वाढतो.

याचा अर्थ औषधाच्या दुकानात जाणंच चूक, असा नाही. एकच छोटा, ताजा चट्टा असेल तर स्टिरॉइड नसलेलं साधं बुरशीनाशक मलम, उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन, हा योग्य आणि स्वस्त पहिला प्रयत्न असतो. मात्र ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावायचं असतं. क्लोट्रिमॅझोल साधारण दोन ते चार आठवडे लावतात, टर्बिनाफिनला मुदत कमी लागते. खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं तर बुरशी शिल्लक राहते. तुमच्याकडे मात्र दोन महिने, दोन जागा आणि दोन माणसं झाली आहेत. ती पायरी मागे पडली.

आता फॅमिली डॉक्टर की तज्ज्ञ. फॅमिली डॉक्टरची फी 1 धरली तर तज्ज्ञांची 3. आधी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तर 1 नक्की जाणार, आणि त्यांनी पुढे पाठवलं तरच आणखी 3. नुसती फी मोजली तर तीनपैकी दोनपेक्षा कमी वेळा पुढे पाठवण्याची शक्यता असेल तोवर फॅमिली डॉक्टरचा रस्ता स्वस्त. पण फीसोबत सुट्टीही जाते. अर्ध्या दिवसाचा पगारही 1 इतकाच धरला, तर फॅमिली डॉक्टरची एक भेट 2 ला पडते आणि तज्ज्ञांची 4 ला. मग तो रस्ता फायद्याचा ठरायला पुढे पाठवण्याची शक्यता निम्म्याहून कमी हवी. तुमचा पगार फीच्या मानाने जास्त असेल तर ही सीमा आणखी खाली येते. लोक बहुतेक वेळा फीच बघतात, सुट्टी हिशेबात घेत नाहीत. म्हणून मुद्दाम मांडून दाखवलं.

तुमच्या बाबतीत ही शक्यता किती? कंबर आणि जांघेतला नायटा फॅमिली डॉक्टरच्या रोजच्या कामातला आहे. गरज वाटली तर ते पोटातून घ्यायची गोळी देतात किंवा चट्ट्याच्या कडेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. शक्यता निम्म्याच्या खालीच धरेन. नखं किंवा डोक्याची त्वचा बाधित असती, तुम्ही गरोदर असता, किंवा गोळ्यांचा एक पूर्ण कोर्स आधीच वाया गेला असता, तर मी सरळ तज्ज्ञ सांगितले असते.

म्हणून तज्ज्ञांची तारीख आजच घेऊन ठेवा आणि याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरकडे जा. दोन्ही करायचं. तीन आठवड्यांची ती प्रतीक्षा इथे तुमच्या कामी येते, कारण उपचार लागू पडतोय की नाही हे कळायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तारखेच्या दोन दिवस आधी बघा: नवे चट्टे आलेले नाहीत, जुन्यांची कड चपटी होतेय आणि ते पसरत नाहीयेत, तर तारीख रद्द करा. तसं नसेल तर जा, रांगेत पुन्हा शेवटी उभं राहावं लागणार नाही. रद्द करण्याचे पैसे कापतात का, हे तारीख घेतानाच विचारा. एक सांगून ठेवतो: दोन महिने स्टिरॉइड लावलेल्या जागेवर ते बंद केल्यावर सुरुवातीला लाली आणि खाज वाढू शकते. ती पाहून घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणू नका. मलम कसं थांबवायचं, तेही डॉक्टरलाच विचारा.

भेटीला जाताना तिन्ही ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या आणि पहिल्या दिवसांचा फोटो असेल तर तोही. चट्ट्यावर त्या सकाळी काही लावू नका. खरवड घ्यायची ठरली तर नुकतंच लावलेलं मलम तपासणीत अडथळा आणतं.

नवऱ्याला त्याच दिवशी सोबत न्या. एकाने उपचार घेतला आणि दुसरा तसाच राहिला तर संसर्ग घरात फिरत राहतो आणि तुमचा सगळा खर्च पुन्हा होतो. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवून गरम पाण्यात धुणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हा हिशेब खाज आणि चट्ट्यांसाठीच. लाल, गरम भाग झपाट्याने पसरतोय आणि ताप आहे, किंवा नवं औषध सुरू केल्यावर फोड येऊन त्वचा सुटतेय आणि तोंडात जखमा आहेत, तर फी आणि तारीख न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिळाचा आकार, रंग किंवा कड बदलत असेल तर तिथेही ट्यूबवर दिवस घालवायचे नाहीत. फॅमिली डॉक्टरला दाखवून तज्ज्ञांची लवकरची तारीख मागा.

आरोग्य विमा असेल तर तज्ज्ञांची तारीख पक्की करण्याआधी एक फोन करा. काही योजनांत रुग्णालयात दाखल न होता नुसतं डॉक्टरला दाखवण्याचा खर्च मिळतच नाही, तर काहींत फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी असेल तरच तज्ज्ञांची फी परत मिळते. तुमची योजना दुसऱ्या प्रकारची निघाली तर वरचं गणित आणखी फॅमिली डॉक्टरच्या बाजूला झुकतं, कारण चिठ्ठीशिवाय ती तिप्पट फी पूर्णपणे तुमच्याच खिशातून जाईल.