सीएफटीचा लीडर आहे, पण मशीन कुणी देत नाही

प्रश्न: "चाकणला प्लास्टिक पार्ट बनवणाऱ्या कंपनीत एनपीडीला, म्हणजे नवीन पार्ट तयार करणाऱ्या खात्यात आहे. नवीन पार्टच्या सीएफटीचा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या मिळून केलेल्या टीमचा लीडर म्हणून माझं नाव टाकलंय, पण टीममधलं कुणीच मला रिपोर्ट करत नाही. प्रॉडक्शन ट्रायलला मशीन देत नाही, क्वालिटी म्हणते आधी पार्ट दाखवा, टूलरूम तारखा ढकलतं. मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात. पीपॅपची, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची तारीख डोक्यावर आलीय. अधिकार नसताना हे हलवायचं कसं?"

उत्तर:

मशीनपासून सुरू करतो, कारण बाकीचं बरंचसं तिथेच अडकलेलं असतं.

तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला रोज सकाळी एकच आकडा विचारतात: काल किती माल गेला. तुमच्या ट्रायलचे नग त्यात धरत नाहीत. त्याच्या बाजूने ट्रायल म्हणजे चालू मोल्ड उतरवायचा, तुमचा चढवायचा, तो चालेल याची खात्री नाही, आणि जुना परत चढवल्यावर सुरुवातीचं रिजेक्शन पुन्हा त्याच्याच नावावर. "मशीन का थांबलं होतं?" याचा जाबही तोच देणार. तो "बघतो, या आठवड्यात करून टाकू" म्हणतो आणि करत नाही, तेव्हा तो तुमच्या वाईटावर असतो असं नाही. "ट्रायलला मशीन द्या" या मागणीत त्याचं नेमकं किती जाणार हेच त्याला दिसत नाही. अशा वेळी कुणीही टाळतंच.

म्हणून हिशोब तुम्ही मांडून न्या. ग्राहकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर पीपॅपचा रन १ ते ८ तासांचा आणि कमीत कमी ३०० सलग नगांचा लागतो. समजा तुमचा मोल्ड सिंगल कॅव्हिटी आहे आणि सायकल टाइम ४५ सेकंद आहे. ३०० नगांना पावणेचार तास झाले. मोल्ड चढवणं, पाण्याच्या लाइन जोडणं, तापमान स्थिर होणं यात दोन तास धरा, उतरवायला एक. पावणेसात तास, म्हणजे एक शिफ्ट. आता मागणी बदलली: "अमुक मशीन, ६ तारखेची दुसरी शिफ्ट." महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे मागायला जाऊच नका. डिस्पॅचची बोंब चालू असताना दारात उभा राहिलेला एनपीडीवाला कुणालाच आवडत नाही. पहिल्या आठवड्यात तोच माणूस चहा पाजतो.

यात एक अट तुम्ही स्वतःहून घाला, ती सगळ्यात जास्त कामाची आहे: "मोल्ड चढवायला घेतल्यापासून तीन तासांत सलग दहा चांगले शॉट निघाले नाहीत, तर मी स्वतः मोल्ड उतरवायला सांगेन." या एका वाक्याने त्याचं जास्तीत जास्त नुकसान ठरून जातं. त्याची खरी भीती शिफ्ट जाण्याची नसते. "अजून अर्धा तास, अजून अर्धा तास" करत दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडेल, ही असते.

आणि वेळ आली तर ती अट पाळायची. माझ्या आधीच्या कंपनीत एनपीडीला एक इंजिनियर होती. तिच्या ट्रायलला पार्ट इजेक्टरवरून सुटेना. टूलरूमचा माणूस पॉलिशचा दगड घेऊन मोल्डमध्ये वाकलेला, म्हणत होता, "मॅडम, वीस मिनिटं द्या, होतंच आहे." तिने घड्याळ बघितलं, सेटरला सांगितलं, "दादा, उतरवा," आणि शिफ्ट इनचार्जला फोन करून मशीन मोकळं झाल्याचं कळवलं. टूलरूमवाला चार दिवस तोंड फुगवून होता. पण पुढच्या आठवड्यात प्रॉडक्शन मॅनेजरने तिला मशीन किती तासांत सोडणार हे विचारलंसुद्धा नाही. तुमच्याकडे अधिकार नसताना लोक ऐकतात ते अशा गोष्टींमुळे. गोड बोलण्याचा त्यात वाटा फार थोडा असतो.

आता क्वालिटीकडे. "आधी पार्ट दाखवा" हे ऐकायला आडमुठं वाटतं, पण खोदून विचारा, बहुतेक वेळा त्यांना आधी एकदा चटका बसलेला असतो. प्रोसेस मापं सातत्याने मर्यादेत ठेवते का हे बघणाऱ्या कपॅबिलिटी स्टडीला साधारण १०० रीडिंग लागतात, नग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने गट पाडून, आणि कपॅबिलिटीचा आकडा १.६७ च्या वर हवा. ऑपरेटरने ३०० नग सवयीप्रमाणे एकाच क्रेटमध्ये ओतले की क्रम गेला. नग सगळे चांगले असले तरी स्टडीसाठी निरुपयोगी. प्रॉडक्शन म्हणणार आम्ही ३०० दिले, क्वालिटी म्हणणार आम्हाला काहीच मिळालं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मटेरियल नायलॉन असेल तर आणखी एक गंमत. पार्ट मोल्डमधून निघाल्यावर गार होताना आकसतो, आणि नंतर हवेतला ओलावा घेऊन थोडा वाढतोही. मशीनपाशी गरम असताना व्हर्नियरने घेतलेलं माप आणि दुसऱ्या दिवशी एसी रूममध्ये घेतलेलं माप जुळत नाही. मग मेलवर मेल. या भांडणात मध्यस्थी करण्यापेक्षा ते होणारच नाही अशी सोय आधी करा. दोघांना एकत्र बसवून एवढंच ठरवायचं: नग कोण, कधी, कुठे, कोणत्या गेजने मोजणार, आणि कोणाचं माप धरायचं. उदाहरणार्थ, ऑपरेटर दर बारा शॉटांमधले पहिले सलग चार नग क्रमांक लिहून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवेल. २५ गट, १०० नग, आणि सगळे ३०० शॉटांमध्ये पसरलेले. क्वालिटी ते २४ तासांनी स्वतःच्या रूममध्ये मोजेल, तेच माप ग्राहकाकडे जाईल. नग मोजण्याआधी किती वेळ आणि कसे ठेवायचे हे ग्राहकाच्या एसक्यूई, म्हणजे सप्लायर क्वालिटी इंजिनियरबरोबरही एकदा बोलून घ्या, नाहीतर तिसरं माप तयार होतं.

माझ्या मते लीडरचं मुख्य काम हेच. एका खात्याच्या आतलं काम त्या खात्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, त्यात नाक खुपसू नका. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथे उभे राहा. देणाऱ्याच्या मते "झालं" म्हणजे काय आणि घेणाऱ्याच्या मते "मिळालं" म्हणजे काय, हे दोघांकडून एकाच वाक्यात वदवून घ्या.

हा करार योग्य माणसाशी व्हायला हवा, हे मात्र विसरलं जातं. नायलॉन ८० अंशांवर चारेक तास वाळवावं लागतं. दुसऱ्या शिफ्टची ट्रायल असेल तर ड्रायर पहिल्या शिफ्टलाच भरलेला पाहिजे. मॅनेजरने मशीन दिलं, पण पहिल्या शिफ्टच्या इनचार्जला कुणी सांगितलं नाही आणि स्टोअरमधून बॅग इश्यू झाली नाही, तर तुमची शिफ्ट ड्रायरकडे बघण्यात जाते. ठरवाठरवी मॅनेजरशी झाली तरी आदल्या दिवशी इनचार्ज आणि स्टोअरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा. इश्यू स्लिप तुम्हीच भरून न्या. हलकं काम वाटेल, पण त्यांचा त्रास वाचतो आणि तो त्यांच्या लक्षात राहतो.

मीटिंगमधल्या "हो" बद्दल. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकामुळे सीएफटीची यादी आणि सह्या बहुतेक कंपन्यांत असतात. ऑडिटरला दाखवायला उत्तम, पण त्या सह्यांवर कोणी मशीन देत नाही. दहा जणांसमोर कुणीच नाही म्हणत नसतं, म्हणून तिथे मिळालेला होकार धरू नका. आधी एकेकाला त्याच्या जागेवर गाठा आणि मीटिंगमध्ये फक्त ठरलेलं वाचून दाखवा. खरा होकार ओळखायची माझी खूण अशी: ज्याला काम करायचंच आहे तो प्रश्न विचारतो. "सेटर कोण देऊ? मटेरियल आलंय का? रनर ग्राइंड करायचे की वेगळे ठेवायचे?" ज्याला करायचं नाही तो लगेच "होऊन जाईल" म्हणतो. असं उत्तर आलं की तिथेच थांबा आणि विचारा, "यात तुम्हाला कुठे अडेल असं वाटतं?" बहुतेक वेळा खरं कारण तेव्हा बाहेर येतं.

ठरलं की त्याच संध्याकाळी चार-पाच ओळी पाठवा, त्यांच्याच शब्दांत: काय, कोण, कधी, काय असेल तर झालं म्हणायचं, आणि उशीर होणार असेल तर किती आधी कळवायचं. हे शेवटचं कुणी लिहीत नाही. "तारीख चुकणार असं वाटलं तर दोन दिवस आधी सांगा, मी आरडाओरडा करणार नाही" हे लिहा आणि खरंच करू नका. एकदा आगाऊ सांगणाऱ्याला सर्वांसमोर झापलंत की पुढची प्रत्येक वाईट बातमी तुम्हाला तारीख उलटल्यावरच कळेल. आणि प्लांट हेडला सीसीमध्ये ठेवून हा मेल पाठवू नका. करार वाटायच्या ऐवजी तो आरोपपत्र वाटतो.

टूलरूमचं प्रकरण वेगळं आहे, तिथे हे सगळं करूनही अडू शकतं. तारीख दोनदा पुढे गेली आणि दोन्ही वेळेला कारण वेगळं असेल, तर तिथल्या बोर्डावर बघा: तुमच्या मोल्डच्या वर कोणाचं काम लागलंय? मोल्डचं पोलाद ठिणग्यांनी कोरणारं ईडीएम मशीन एक आणि प्रोजेक्ट तीन असतील तर टूलरूमचा माणूस प्रत्येकाला हो म्हणून दिवस ढकलतोय. हा प्रश्न तुमच्या वजनाने सुटणारा नाही. कोणता प्रोजेक्ट आधी, हे फक्त प्लांट हेड सांगू शकतो.

त्याच्याकडे जायचं, पण तक्रार घेऊन नाही आणि एकट्याने नाही. टूलरूम इनचार्जला आधी सांगा, "आपण दोघं जाऊ, तुमच्यावर तीन बाजूंनी दबाव येतोय हे मी सांगतो." त्याला ते हवंच असतं. समोर अर्ध्या पानात दोन पर्याय ठेवा: आमचा मोल्ड आधी घेतला तर अमुक प्रोजेक्ट इतके दिवस मागे, नाही घेतला तर आमचं पीपॅप अमुक तारखेला आणि ग्राहकाला आजच कळवावं लागेल. तिसरा पर्याय बाहेरून ईडीएम करून घ्यायचा असेल तर परचेसकडून दर आणि दिवस लिहून आणा. निर्णय तो घेईल, तुम्हाला आवडो न आवडो. जो होईल तो टूलरूमच्या बोर्डावर त्याच दिवशी इनचार्जच्याच हाताने लिहून घ्या, आणि बाकीच्या दोन प्रोजेक्टच्या लोकांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. त्यांना ते बोर्डावरून कळलं, तर पुढच्या वेळी तुमचा मोल्ड खाली सरकवायला तेच सगळ्यात आधी जातील.