वीट भिजवण्याआधी ती सुकली आहे का ते बघ

जुळे सोलापुरात तुझी पहिलीच साइट, म्हणून सांगतो. ट्रक रिकामा होताना वेगवेगळ्या थरांतून पाच विटा काढ. वरच्या घेऊ नकोस, चांगला माल नेहमी वरच रचलेला असतो.

विटा आधी पूर्ण सुकव, वजन कर, चोवीस तास पाण्यात बुडव, मग बाहेरून पुसून तीन मिनिटांत पुन्हा वजन कर. माझ्या एका विटेचं वजन २.७०० किलोवरून ३.३१० झालं. ६१० भागिले २७०० म्हणजे विटेने साडेबावीस टक्के पाणी शोषलं. साध्या विटेला पाचांची सरासरी वीसच्या आत लागते.

गोम सुकवण्यात आहे. दमट वीट आधीच पाणी पिऊन बसलेली असते, त्यामुळे शोषण कमी दिसतं आणि खराब माल पास होतो. आपल्याकडच्या मे महिन्यातलं ऊनही लॅबच्या ओव्हनसारखं सुकवत नाही. म्हणून साइटवर अठरा-एकोणीस आलं तरी मी विटा लॅबला पाठवतो.

दोन विटा एकमेकींवर वाजव. बद्द आवाज आला, किंवा मोडल्यावर आत काळपट गाभा दिसला, तर भाजणीवर शंका घे. मीटरभरावरून टाकून न फुटणं ठीक, पण दाबाची ताकद मशीनवरच कळते. तिथे ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली आली तर ट्रक परत.